आई की मावशी? जुन्या फोटोंतल्या जुळ्या बहिणी ओळखण्याच्या नोंदी (नागपूर, जानेवारी-फेब्रुवारी २०२५)

४ जानेवारी

महाल भागातलं आजोळचं घर विकायला काढलं तेव्हा तिथली फोटोंची पत्र्याची पेटी माझ्याकडे आली. दोन-अडीचशे फोटो आणि थोड्या निगेटिव्ह आहेत. आई आणि मावशी एकसारख्या जुळ्या, जन्म १९५३चा. पेटीतले बहुतेक फोटो १९५४ ते १९७८ या काळातले. मावसबहिणीला तिच्या आईचे लहानपणचे फोटो हवे आहेत आणि मला माझ्या आईचे. त्यासाठी आधी कोणता फोटो कोणाचा हे ठरायला हवं.

मागे कोणाचं नाव लिहिलेलं नाही. दोन-चार फोटोंवर आजोबांच्या अक्षरात नुसतं 'मुली' असं आहे. मोबाइलच्या गॅलरीने दोघींना एकच माणूस धरून सगळे फोटो एका नावाखाली टाकले, म्हणजे तो मार्गही बंद. आईला विचारलं तर दहा वर्षांच्या आतल्या फोटोंत तीच अडखळते. तिची एकच खात्रीची आठवण अशी की आजी तिला लाल रिबीन बांधायची आणि मावशीला निळी. फोटो कृष्णधवल आहेत. लाल काय नि निळी काय, दोन्ही रिबिनी सारख्याच राखाडी दिसतात.

६ जानेवारी

फोटो बघायला बसण्याआधी दोघींचे आजचे नमुने हाताशी हवेत, हे पहिल्याच दिवशी कळलं. आईचे चेहऱ्याचे फोटो काढले: समोरून, दोन्ही बाजूंनी तिरके आणि पूर्ण बाजूचे. मोबाइल तोंडाजवळ धरून काढलेले फोटो निरुपयोगी ठरले. जवळून काढलं की नाक मोठं येतं आणि कान मागे गेल्यासारखे, लहान दिसतात. जुने स्टुडिओवाले लांब उभे राहून काढायचे, त्यामुळे त्यांच्या फोटोंत कान पूर्ण दिसतात. दोन्ही प्रकार शेजारी ठेवून कान जुळवत बसणं व्यर्थ आहे. मग दोन मीटर मागे सरकून झूमने काढले आणि ते जुन्या फोटोंशी ताडून बघण्याजोगे निघाले.

समोरचा कॅमेरा वापरायचा नाही, हेही लक्षात ठेवावं. काही फोनमध्ये त्याने काढलेला फोटो आरशातल्यासारखा उलटा साठवला जातो. पुढे डाव्या-उजव्यावरच सगळं अडणार आहे.

८ जानेवारी

स्कॅनिंग. सीताबर्डीवरच्या दुकानात एका फोटोचे वीस रुपये सांगितले. एवढ्या फोटोंना ते परवडणारं नव्हतं, म्हणून ओळखीतून फ्लॅटबेड स्कॅनर आणला. तीनशे रुपयांचं दहापट भिंग घेतलं. या कामात सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू हीच.

आजोबांचा कॅमेरा अगफा क्लिक थ्री होता. त्यात १२० नंबरचा रोल बसायचा आणि त्या निगेटिव्हच्याच मापाचे, सहा सेंटिमीटरचे चौकोनी फोटो छापून मिळायचे. अशा फोटोत दोन मुली डोक्यापासून पायापर्यंत उभ्या असल्या की एकेकीचं डोकं कसंबसं चार-पाच मिलिमीटरचं असतं आणि कान एक मिलिमीटरच्या आसपास. १२०० डीपीआयला स्कॅन केलं तर त्या कानाला पन्नासेक ठिपके मिळतात. आकडा वाढवून पाहिला, फाइल तेवढी फुगली. कागदावर जे उतरलेलंच नाही ते स्कॅनर कुठून आणणार? अशा फोटोंत कानाचा नाद सोडावा आणि त्याची निगेटिव्ह आहे का ते शोधावं. निगेटिव्हमध्ये छापील फोटोपेक्षा बारकावे सहसा जास्त असतात.

सत्तरीच्या अखेरीचे काही रंगीत फोटो खडबडीत, जाळीच्या कागदावर आहेत. स्कॅन केले की जाळीच्या उंचवट्यांवर उजेड पडून चेहऱ्यावर ठिपकेच ठिपके येतात. एका फोटोत आईच्या कपाळावर मला चक्क तीळ दिसला. तोच फोटो उलटा फिरवून, म्हणजे डोकं खाली करून, पुन्हा स्कॅन केला आणि 'तीळ' गायब झाला. जाळीच्या कागदाचे सगळे फोटो आता मी दोन्ही बाजूंनी स्कॅन करते. जे दोन्हींत दिसतं तेवढंच खरं धरते.

११ जानेवारी

पहिला प्रयत्न तिळांवर केला, कारण सगळे तेच सांगतात. आईच्या डाव्या गालावर, नाकपुडीच्या रेषेत, तीळ आहे. मावशीच्या गालावर नाही. तिचा तीळ मानेवर उजवीकडे आहे. रक्त एक असलं तरी तीळ दोघींचे आपापले असतात.

हा मार्ग जेवढा सोपा वाटला तेवढा नाही. तीळ जन्मापासून असतोच असं नाही. बरेचसे तीळ लहानपणी आणि तरुणपणी उगवतात आणि म्हातारपणी काही पुसटही होतात. आईचा गालावरचा तीळ मला पहिल्यांदा तिच्या अकराव्या-बाराव्या वर्षाच्या फोटोत सापडतो. म्हणजे त्याआधीच्या फोटोत 'तीळ नाही, म्हणून मावशी' असं म्हणता येत नाही. दिसला तर पुरावा, नाही दिसला तर काहीच सिद्ध होत नाही.

दुसरी अडचण आपल्याच घरची, तीट. दोघींचे रांगत्या वयातले फोटो आहेत आणि दोघींच्या गालावर काळा ठिपका आहे. एकीच्या डाव्या, दुसरीच्या उजव्या. आधी मी तो तीळ म्हणून मांडला होता. भिंगाखाली बघितलं तर ठिपका वाटाण्याएवढा, कडा फासलेल्या. आजीने काजळ लावलंय. त्या वयाच्या फोटोंतले गालावरचे आणि कपाळावरचे ठिपके मी हिशेबातून काढून टाकले.

तिसरी गोष्ट निगेटिव्हच्या डागांची. निगेटिव्हवर धूळ बसली असेल तर फोटोत पांढरा डाग येतो. निगेटिव्हचा लेप टोचून निघाला असेल तर काळा. हा काळा डाग हुबेहूब तिळासारखा दिसतो. खरा तीळ माणसाबरोबर दुसऱ्या फोटोतही जातो, डाग तसा जात नाही. म्हणून एकाच दिवशी काढलेले दोन तरी फोटो हातात आल्याशिवाय मी तीळ मान्य करत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

मावशी अमरावतीहून आठवडाभरासाठी आली. तिळगूळ झाल्यावर दोघींना खिडकीपाशी शेजारी बसवलं आणि मावशीचेही तसेच फोटो काढले. दोघी शेजारी असताना फरक शोधणं किती सोपं असतं! नुसता आईचा फोटो बघून जे मला चेहऱ्याचाच भाग वाटत होतं, ते मावशीच्या शेजारी ठेवल्यावर फरक म्हणून उठून दिसलं.

कपाळावरचे केस पहिले. आईच्या डाव्या बाजूला, भांगापासून दोन बोटांवर, एक बट मुळातूनच उभी राहते आणि वळून मागे जाते. कितीही तेल लावा, ती बसत नाही. मावशीचीही तशीच बट आहे, पण उजव्या बाजूला. आई उजव्या हाताने लिहिते, मावशी डाव्या हाताने. म्हणजे या दोघी आरशातल्या जुळ्या: एकीचं जे डावीकडे, ते दुसरीचं उजवीकडे. सगळ्या एकसारख्या जुळ्यांत असं नसतं. ज्यांच्यात असतं त्यांच्यातही काही गोष्टी उलट असतात आणि बाकीच्या नसतात. कान आणि तीळ यांना हा नियम लागू नाही.

केसांच्या रेषेचा आकार घ्यावा, उंची घेऊ नये. दोघींनी जन्मभर घट्ट वेण्या घातल्या, त्यामुळे कानशिलापाशी केस मागे सरकलेत, आणि आईचे जास्त. आजची कपाळाची उंची घेऊन १९६०च्या फोटोतली मुलगी ओळखायला गेलं तर फसगत ठरलेली. बट जिथून उगवते ती जागा मात्र बदलत नाही.

१६ जानेवारी

आज कान. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या पोलिसांत बर्तियाँ याने माणसं ओळखण्याची जी पद्धत बसवली, तिच्यात कानाला मोठं स्थान होतं. ते का, हे दोघींचे कान भिंगाखाली बघितल्यावर पटतं. कानाची ठेवण एकसारखी असली तरी आतल्या घड्या आणि कडा हुबेहूब नसतात. एकाच माणसाचे दोन कानही सारखे नसतात. त्यामुळे डावा कान डाव्याशीच जुळवायचा.

आईच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला, आतल्या अंगाला, एक छोटी गाठ आहे, बोट फिरवलं तर लागेल अशी. तिच्या डाव्या कानाला ती नाही आणि मावशीच्या दोन्ही कानांना नाही.

याहून पक्की खूण कान टोचल्याची निघाली. ही तर रक्तात असण्याचा प्रश्नच नाही. सोनाराने बारशाच्या सुमाराला हातानेच टोचले, दोन तान्ह्या मुलींची चार भोकं चार जागी पडली. आईच्या उजव्या पाळीचं भोक खाली, कडेच्या अगदी जवळ आहे. बाकीची तिन्ही पाळीच्या मध्याला, त्यातलं मावशीचं डावं जरा गालाकडे. आई म्हणाली, "त्या कानात मी जड कुडी कधी घालतच नाही, फाटते की काय वाटते." लग्नानंतरच्या फोटोंत तिच्या उजव्या पाळीचं भोक लांबून फटीसारखं झालेलं दिसतं. मुलीच्या फोटोत भोक पाळीच्या कितव्या भागात आहे हे मोजावं, मिलिमीटर मोजू नयेत. वयानुसार पाळी लांबते, तरी भोक मध्यापेक्षा खाली की मध्यावर, हे कळतंच.

अडचण एकच: शाळकरी वयात दोघींच्या वेण्या कानांवरून जातात. पन्नासेक फोटोंत कानच दिसत नाहीत.

१९ जानेवारी, रविवार

आज दोघी नाहल्या. ओल्या केसांत भोवरा स्पष्ट दिसतो म्हणून गच्चीत उन्हात बसवून वरून फोटो काढले. आईचा भोवरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, मावशीचा उलट. भोवऱ्याची दिशा पोटात असतानाच ठरते आणि आयुष्यभर तशीच राहते. म्हणजे हा पुरावा असा आहे की जो तान्ह्या बाळाच्या फोटोलाही लावता येतो. मात्र डोक्याचा वरचा भाग दिसायला हवा आणि केस कमी हवेत. असे फोटो कोण काढतं? पण एक आठवला. त्याबद्दल पुढे.

दुपारी पेटीतले सोपे फोटो घेतले. ज्यांत बट स्पष्ट दिसते असे चाळीसेक निघाले. डावीकडे बट तर आई, उजवीकडे तर मावशी, अशा दोन थप्प्या लावल्या.

२२ जानेवारी

त्या दोन्ही थप्प्या पुन्हा उघडाव्या लागल्या. दोन संध्याकाळी वाया गेल्या. कारण इथे नीट लिहिते, कारण आरशातल्या जुळ्या ज्यांच्या घरात आहेत त्यांना हे होणारच.

एका फोटोत मागे दुकानाची पाटी आहे आणि तिची अक्षरं उलटी आहेत. म्हणजे फोटो उलटा छापलाय. निगेटिव्हची मंद, लेपाची बाजू कागदाकडे यायला हवी. छापणाऱ्याने ती वर ठेवली की सगळं आरशातल्यासारखं छापलं जातं. एरवी अशा फोटोने काही बिघडत नाही. माणूस तोच राहतो, डावं-उजवं कोण बघतं? पण आमच्या दोघी आरशातल्या जुळ्या. आईचा फोटो उलटा छापला की बट उजवीकडे जाते आणि ती मावशी होते. चूक कुठे दिसतही नाही, कारण चेहरा तर मावशीचाच वाटतो.

मग आधी फोटो सुलटा आहे की नाही हे ठरवायचं, नंतर मुलगी. सुलटेपणासाठी हे बघते. पाटी किंवा पुस्तकावरची अक्षरं असतील तर प्रश्नच मिटला. पुरुष असेल तर सदऱ्याचा खिसा त्याच्या डाव्या छातीवर हवा. साडी असेल तर आमच्याकडे पदर डाव्या खांद्यावर आणि नथ किंवा चमकी डाव्या नाकपुडीत. पदराची खूण सगळ्यांना चालणार नाही. इतवारीतल्या गुजराती-मारवाडी घरांत उजव्या खांद्यावरून पदर पुढे घेतात. आजीच्या आणि मामीच्या फोटोंवरून आमच्या घरचा डावा खांदा पक्का करून घेतला.

घड्याळाची खूण मात्र टाळली. एरवी घड्याळ डाव्या मनगटावर हा चांगला पुरावा असतो. पण मावशी डावरी आणि घड्याळ उजव्या हातात घालते. उलट्या फोटोतली आई आणि सुलट्या फोटोतली मावशी, दोघींचं घड्याळ एकाच बाजूला दिसतं. जो प्रश्न सोडवायचा आहे त्यालाच पुरावा म्हणून वापरण्यासारखं आहे ते.

निगेटिव्ह हातात असेल तर चकाकणारी बाजू आपल्याकडे धरायची. कडेचे आकडे सरळ वाचता आले की चित्रही सुलटं.

२६ जानेवारी

सुट्टी होती, दिवसभर याच कामाला बसले. चाळीसपैकी सात फोटो उलटे निघाले. सगळे मोठे करून घेतलेले किंवा नंतर पुन्हा छापलेले. आजोबांनी त्या त्या वेळी छापून घेतलेल्या छोट्या चौकोनी फोटोंत एकही उलटा नाही. तेव्हा दोन आकारांत एकच फोटो असेल तर लहान, जुना फोटो प्रमाण धरावा. अठरा फोटोंत ना अक्षर, ना खिसा, ना पदर. ते बाजूला ठेवलेत.

३० जानेवारी

आता तो फोटो, ज्यावरून दोघींचं संक्रांतीपासून चालू आहे. स्टुडिओतला, साडीतला, स्थळांना पाठवण्यासाठी काढलेला. १९७३च्या आसपासचा. महालच्या घरात तो मोठा करून चौकटीत लावलेला होता. आई म्हणते माझा. मावशी म्हणते, "तुझ्या गालावर तीळ आहे ना? यात दिसून राहिला का? मग माझाच हा." मावसबहिणीला हाच फोटो सगळ्यात जास्त हवा आहे, त्यामुळे उगाच कोणाच्या बाजूने कौल द्यायचा नव्हता.

चेहरा तिरका आहे. आपल्याला तिचा डावा कान दिसतो, बट तिच्या उजव्या बाजूला आहे आणि गालावर तीळ नाही. बट आणि तीळ दोन्ही मावशीकडे बोट दाखवतात.

पण पदर उजव्या खांद्यावर आहे. आणि दिसणाऱ्या डाव्या कानाच्या वरच्या कडेला गाठ आहे, जी दोघींपैकी कोणाच्याच डाव्या कानाला नाही. इथेच थांबावं लागतं. दोन खुणा एका बाजूला आणि दोन कोणाच्याच बाजूला नाहीत, तेव्हा मोजदाद करून बहुमताने ठरवायचं नसतं. जी खूण दोघींनाही लागू पडत नाही ती सांगते की फोटोतच काहीतरी उलटं झालंय.

स्कॅन आडवा उलटा करून घेतला. पदर डाव्या खांद्यावर आला. बट डावीकडे आली, म्हणजे आई. दिसणारा कान उजवा झाला: गाठ आहे, आणि कुडीचं मळसूत्र जिथून जातं ते भोक पाळीच्या खालच्या कडेजवळ आहे. म्हणजे आई. राहिला तीळ. उलटवल्यावर डावा गाल पलीकडच्या बाजूला जातो, पण नाकाजवळचा भाग दिसतो आणि तीळ तिथे दिसायला हवा होता. तो नाहीच.

१ फेब्रुवारी

तिळाचा उलगडा मावशीच्या घरी झाला. तिच्या अमरावतीच्या आल्बममध्ये याच बैठकीचा लहान, मूळ फोटो निघाला. मावसबहिणीने तो पाठवला, मग पोस्टाने मूळच मागवून घेतला. त्यात पदर डाव्या खांद्यावरच आहे. चौकटीतली प्रत कोणीतरी पुढे या फोटोवरून काढून घेतली आणि ती उलटी छापली गेली.

मूळ फोटोतही तीळ नाही. पण भिंगाखाली बघितलं तर नाकपुडीच्या रेषेत, जिथे तीळ असायला हवा, तेवढा डाव्या गालाचा भाग आजूबाजूपेक्षा किंचित उजळ आहे आणि त्याचा कण वेगळा, रेघारेघांचा दिसतो. स्टुडिओत निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलने टिपके भरून डाग, सुरकुत्या आणि तीळ घालवत असत. तीळ फोटोत काळा, म्हणजे निगेटिव्हमध्ये पातळ. त्यावर पेन्सिल चढवली की छापताना तिथे उजेड कमी पोचतो आणि जागा उजळ येते. स्थळासाठीच्या फोटोत तीळ पुसला जाणं तर ठरलेलंच. तेव्हा स्टुडिओतल्या फोटोत तीळ नसणं हा पुरावा नाही. तीळ असायच्या जागी असा उजळ ठिपका मात्र पुरावा आहे. मावशीच्या गालावर तिथे पुसण्यासारखं काही नव्हतंच.

फोटो आईचा. मावशीला फोनवर सगळं सांगितलं, उजळ ठिपक्याचा मोठा केलेला फोटोही पाठवला. ती म्हणाली, "बरं बापा, तुझ्या आईचा. पण साडी माझी होती." हेही फोटोच्या नोंदीत लिहून ठेवलं आहे.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी

हावभावांबद्दल थोडंसं. 'मावशी हसरी, आई गंभीर' हे घरात सगळे म्हणतात, पण फोटोंवर ते चालत नाही. स्टुडिओवाला हसा म्हणाला की दोघी हसतात, आणि आजोबा कॅमेरा लावायला वेळ घ्यायचे तेव्हा दोघीही कंटाळलेल्या असतात. मनःस्थिती सोडून द्यावी. चेहऱ्याची हालचाल बघावी. मावशी मोकळी हसली की तिच्या ओठांचा डावा कोपरा आधी आणि जास्त वर जातो आणि तो डोळा बारीक होतो. आईचं उजवीकडे तसं होतं, पण कमी. बेसावध हसण्याचे, महाराजबागेतले आणि अंबाझरीच्या सहलीचे जे फोटो आहेत त्यांत हे दिसतं. पोझ दिलेल्या फोटोंत दिसत नाही. आणि हीसुद्धा डाव्या-उजव्याचीच खूण असल्याने उलट्या फोटोत फसवते. म्हणून एकट्या हसण्यावरून मी एकही फोटो ठरवलेला नाही. बट दिसते पण अंधुक आहे आणि हसणंही तेच सांगतं, अशा ठिकाणी 'बहुतेक' लिहिते.

८ फेब्रुवारी

जावळाचा फोटो. मामाच्या मांडीवर एक मुलगी, डोकं पुढे वाकलेलं, अर्धं भादरलेलं. दुसरी मागे आजीच्या कडेवर. ज्या बाजूचे केस उतरवलेत त्यात खुंटांची दिशा दिसते. निगेटिव्ह नाही, फोटो बारा सेंटिमीटरचा आहे, त्यामुळे डोकं बऱ्यापैकी मोठं आलंय. आधी सुलटेपणा: मामाच्या सदऱ्याचा खिसा डाव्या छातीवर, आजीचा पदर डाव्या खांद्यावर, नथ डावीकडे. फोटो सुलटा. मग भिंगाखाली, उजेड बाजूने टाकून, भोवरा बघितला. खुंट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वळतात. मांडीवरची मावशी, कडेवरची आई. वर्ष-दीड वर्षाच्या वयाचा एवढा एकच फोटो पक्का ठरला, आणि त्यावरून त्याच दिवशी त्याच झबल्यांत काढलेले आणखी दोन ठरले. दोघींची झबली एकाच कापडाची असली तरी आजीने मावशीच्या गळ्याला गोट लावला होता.

भोवऱ्याबाबत एक काळजी घ्यावी. काही जणांच्या डोक्यावर दोन भोवरे असतात. फोटोत अर्धंच डोकं दिसत असेल तर आपण भलताच भोवरा वाचू शकतो. आमच्या दोघींचा एकेकच आहे हे गच्चीतल्या फोटोंवरून माहीत होतं.

१२ फेब्रुवारी

नोंदी लावून टाकल्या. प्रत्येक फोटोला क्रमांक आणि एका वहीत तीन गोष्टी: फोटो सुलटा आहे हे कशावरून, मुलगी कोण हे कोणत्या खुणांवरून, आणि 'नक्की', 'बहुतेक' किंवा 'ठरत नाही'. 'नक्की' म्हणायला मी दोन खुणा मागते आणि त्यातली एक तरी अशी, जी डाव्या-उजव्यावर अवलंबून नाही: टोचल्याचं भोक, किंवा दोन फोटोंत दिसलेला तीळ. जावळाचा फोटो एवढाच अपवाद, कारण तिथे सुलटेपणाच्या तीन खुणा एकमेकींना धरून होत्या.

फोटोंच्या मागे कडेला मऊ पेन्सिलने फक्त क्रमांक लिहिला. बॉलपेनने लिहिलं की अक्षरं पुढच्या बाजूला उमटतात. पेटीतल्या दोन फोटोंवर कोणाच्या तरी बॉलपेनचे वळ आहेत आणि त्यातला एक नेमका गालावरून गेलाय. प्लास्टिकच्या लेपाच्या रंगीत फोटोंवर पेन्सिल उमटत नाही, ते कागदी पाकिटांत घालून क्रमांक पाकिटावर टाकला.

खर्च: भिंग तीनशे, पाकिटं आणि वही दीडशे, मूळ फोटोच्या रजिस्टर टपालाचे पैसे. स्कॅनर परत केला. वेळ मात्र ठरवला होता त्याच्या दुप्पट गेला आणि त्यातला बराचसा सुलटं-उलटं आधी न बघितल्यामुळे.

'ठरत नाही'च्या पाकिटात अजून साठेक फोटो आहेत, बहुतेक पाच ते नऊ वर्षांच्या वयातले, वेण्यांत कान झाकलेले. मावसबहिणीने विचारलं की यातले निम्मे तिला आणि निम्मे मला, असं करू का. मी नको म्हटलं. दोघींच्या नावाने ते एकत्र ठेवलेत आणि दोन्ही घरांसाठी सगळ्यांच्या प्रती काढायला दिल्यात. मामांकडे त्याच रोलच्या निगेटिव्ह असण्याची शक्यता आहे. त्या मिळाल्या तर कान पुन्हा बघेन.